कमी उजेडातलं दाणेदार फुटेज: एन्कोडच्या आधी नॉइज काढून फाइल लहान कशी करायची

कमी उजेडात शूट केलेला व्हिडिओ कितीही कॉम्प्रेस केला तरी फाइल मोठीच राहते, हे बऱ्याच जणांनी बघितलंय. तोच कॅमेरा, तीच सेटिंग, दिवसा बाहेर शूट केलेली क्लिप मस्त लहान होते आणि संध्याकाळी हॉलमधे शूट केलेली क्लिप तिच्या दुप्पट तिप्पट होऊन बसते. मग लोक काय करतात तर सीआरएफ, म्हणजे क्वालिटी किती सोडायची तो आकडा, वाढवतात, २० चं २४, २४ चं २८, फाइल लहान होते पण चेहरे पुसट होतात, पडद्यावर चौकोन दिसायला लागतात आणि एवढं करून दाणे पूर्ण जातच नाहीत. खरं काम एन्कोडरच्या आधी करायचंय, नॉइज म्हणजे हे दाणे काढायचे आणि मग एन्कोड करायचं. इथे मी एकच केस घेऊन शेवटपर्यंत जातो: ट्रायपॉडवर कॅमेरा लावून हॉलमधे केलेलं दीड तासाचं स्टेजचं रेकॉर्डिंग, 1080p, मागे गडद पडदा, स्टेजवर उजेड आणि बाकी सगळीकडे अंधार. कमांडने चालणारं टूल `ffmpeg`, त्यातला नॉइज काढणारा फिल्टर `hqdn3d`. हातात कॅमेरा धरून शूट केलं असेल तर काय बदलतं ते नंतर सांगतो.

आधी हे समजून घ्या की फाइल फुगते का

सेन्सरवर प्रकाश फोटॉनच्या रूपात पडतो आणि ते फोटॉन मोजून-मापून येत नाहीत, थोडे कमी जास्त येतात. सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का, तो डोळ्याला दिसतच नाही. पण अंधारात त्याच पिक्सेलवर १०० च फोटॉन पडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. आणि वर कॅमेरा आयएसओ वाढवून ते सगळं मोठं करून दाखवतो, सिग्नल पण आणि चढउतार पण. त्यामुळे अंधारातल्या भिंतीवर जे दाणे नाचताना दिसतात ते प्रत्येक फ्रेममधे नव्याने पडलेले असतात, आधीच्या फ्रेममधल्या दाण्यांशी त्यांचा काही संबंध नसतो.

आता कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग, काय करतो ते बघा. तो प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, आधीच्या फ्रेमवरून अंदाज बांधतो आणि फक्त फरक साठवतो. मागचा पडदा हलत नाहीये म्हणजे फरक शून्य, मग तो ब्लॉक सरळ "स्किप" करून टाकतो, त्याला जवळपास काहीच खर्च येत नाही. ट्रायपॉडच्या शूटमधे फ्रेमचा निम्म्याहून जास्त भाग असा फुकटात जायला हवा. पण नॉइज असला की पडदा कोडेकसाठी स्थिर राहतच नाही. आणि गंमत म्हणजे वजाबाकीने नॉइज कमी होत नाही, उलट वाढतो, कारण दोन फ्रेममधे दोन वेगवेगळे नॉइज आहेत आणि दोघांचा फरक काढला की तो एका फ्रेमच्या नॉइजच्या साधारण १.४ पट होतो. म्हणजे कोडेकची सगळ्यात भारी युक्तीच इथे उलटी पडते, आणि ज्या काळ्या पडद्याकडे कोणी बघणार नाही त्याच्यावर सगळ्यात जास्त बिट खर्च होतात.

सीआरएफ वाढवून हे का सुटत नाही ते पण यातच आहे. सीआरएफ वाढवलं की कोडेक बारीक फरक टाकून देतो, पण त्याला नॉइजचा बारीक फरक आणि चेहऱ्याच्या त्वचेचा किंवा कपड्याच्या विणीचा बारीक फरक यातला भेद कळत नाही, दोन्ही एकत्रच जातात. वर अजून एक त्रास: कीफ्रेममधे, म्हणजे मधूनमधून येणाऱ्या पूर्ण साठवलेल्या फ्रेममधे, दाणे बऱ्यापैकी येतात, पुढच्या फ्रेमांमधे तेच दाणे गोठून राहतात, आणि पुढची कीफ्रेम आली की अचानक नवे दाणे दिसतात. काळ्या भागात दर काही सेकंदांनी एक झटका जाणवतो तो हाच. डिनॉइज फिल्टरचा फायदा हा की तो नॉइज शोधायलाच बनवलाय आणि त्याच्या हातात कोडेकला नसलेली कंट्रोल्स आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच क्लिअर करतो, नाहीतर सगळं करून लोक म्हणतात फाइल तर तेवढीच आली. एक्सपोर्ट करताना बिटरेट ठरवून दिला असेल, समजा १० एमबीपीएस, तर डिनॉइज करा नाहीतर नका करू फाइल तेवढीच येणार. वाचलेले बिट चेहऱ्यावर वगैरे लागतील आणि क्वालिटी वाढेल, पण साइझ नाही कमी होणार. साइझ कमी करायची असेल तर क्वालिटी फिक्स ठेवणारा मोड लागतो, म्हणजे सीआरएफ.

सॅम्पल काढा, पूर्ण फाइलवर प्रयोग करू नका

दीड तासाची फाइल प्रत्येक वेळी चालवण्यात काही अर्थ नाही. व्हिडिओ एकदा सरकवत बघा आणि तीन जागा लिहून ठेवा, प्रत्येकी २० सेकंदांच्या. पहिली जिथे जवळपास काहीच हलत नाही आणि अंधार भरपूर आहे. दुसरी जिथे अंधारातच हालचाल आहे, जसं गडद कपड्यातला माणूस गडद पडद्यासमोरून चालत जातोय. तिसरी जिथे बारीक टेक्स्चर आहे, केस, जरीचं काम, कपड्याची वीण, मागे लिहिलेला बॅनर. ही दुसरी जागा सगळ्यात महत्त्वाची आहे कारण फिल्टर बिघडला तर आधी तिथेच बिघडतो, आणि लोक नेमकं पहिल्या जागेवर टेस्ट करून खुश होतात.

आता बेसलाइन, म्हणजे काहीही फिल्टर न लावता:

```
ffmpeg -ss 00:12:30 -t 20 -i show.mp4 -an -c:v libx264 -preset medium -crf 20 base.mp4
```

टेस्टसाठी मी मुद्दाम एच.२६४ चा एन्कोडर `libx264` वापरतो, शेवटचं एन्कोड एच.२६५ मधे करायचं असलं तरी. एकतर तो फास्ट आहे, आणि दुसरं म्हणजे काम संपल्यावर तो टर्मिनलमधे जे आकडे छापतो त्यात `mb P` ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी `skip:` म्हणून टक्केवारी असते. म्हणजे किती ब्लॉक फुकटात गेले ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. ट्रायपॉडचं शूट असून हा आकडा अगदी खाली आला असेल तर समजा की नॉइज सगळे बिट खातोय. हा आकडा आणि फाइलची साइझ दोन्ही लिहून ठेवा.

फिल्टरचे चार आकडे

`hqdn3d` ला चार आकडे द्यायचे असतात, क्रम असा: ब्राइटनेससाठी जागेतला, रंगासाठी जागेतला, ब्राइटनेससाठी वेळेतला, रंगासाठी वेळेतला. जागेतला म्हणजे त्याच फ्रेममधल्या शेजारच्या पिक्सेलशी मिसळणं, वेळेतला म्हणजे आधीच्या फ्रेममधल्या त्याच जागेच्या पिक्सेलशी मिसळणं. काहीच नाही दिलं तर डिफॉल्ट `4:3:6:4.5` लागतं.

हे आकडे नुसती "ताकद" नाहीयेत, त्यांना अर्थ आहे आणि तो कळला की अंदाजे आकडे टाकायची गरज राहत नाही. फिल्टर प्रत्येक पिक्सेलला विचारतो की तू आधीच्या फ्रेमपेक्षा किती वेगळा आहेस, ० ते २५५ च्या मापात. फरक अगदी नगण्य असेल तर तो जवळजवळ जुनीच व्हॅल्यू ठेवतो. फरक जसा वाढेल तसं जुन्या व्हॅल्यूचं वजन कमी करत जातो, आणि फरक तुम्ही दिलेल्या आकड्याइतका झाला की जुन्याचं वजन चतुर्थांशावर आलेलं असतं. म्हणजे वेळेतला आकडा ६ दिला तर तुम्ही असं सांगताय की ६ पर्यंतचा फरक मी बऱ्यापैकी नॉइज समजतो, त्याच्या बराच वर गेला की ती खरी हालचाल. उजेडातला माणूस काळ्या पडद्यासमोर हलला तर फरक १०० चा वगैरे असतो, फिल्टर त्याला हातच लावत नाही. पण गडद जाकीट गडद पडद्यासमोर हललं तर फरक ५-७ चाच असू शकतो, आणि मग फिल्टरला ते नॉइजच वाटतं. कमी उजेडातल्या फुटेजची खरी अडचण ही आहे, नॉइज मोठा आणि हालचालीचा फरक लहान, दोघं एकाच पट्ट्यात येतात. त्यामुळे "जास्त नॉइज आहे तर जास्त आकडा" हे सरळ गणित इथे चालत नाही.

ट्रायपॉड असेल तर माझा हिशोब साधा आहे: जागेतला आकडा कमी ठेवा आणि वेळेतला जास्त. जागेत मिसळलं की डिटेल जातंच, कडा मऊ होतात, ते परत आणता येत नाही. वेळेत मिसळलं तर स्थिर भागातलं डिटेल जसंच्या तसं राहतं, कारण तेच डिटेल प्रत्येक फ्रेममधे त्याच जागी आहे आणि फक्त नॉइज बदलतोय. ४ फ्रेमची सरासरी घेतली की नॉइज निम्मा होतो, १६ ची घेतली की चौथाई. रंगाच्या दोन्ही आकड्यांना मात्र सढळ हात ठेवा. अंधारात जे जांभळे-हिरवे डाग तरंगताना दिसतात तो रंगातला नॉइज, तो ओंगळ दिसतो आणि डोळा रंगातलं बारीक डिटेल तसंही फारसं पकडत नाही, म्हणून तिथे जोरात साफ केलं तरी खपतं.

म्हणून सुरुवात इथून:

```
ffmpeg -ss 00:12:30 -t 20 -i show.mp4 -an -vf "hqdn3d=1.5:3:6:8" -c:v libx264 -preset medium -crf 20 dn1.mp4
```

एक खड्डा इथे आहे तो सांगून ठेवतो. जागेतलं मिसळणं पूर्ण बंद करायचं म्हणून पहिल्या आकड्याच्या जागी `0` टाकलं तर ते बंद होत नाही, फिल्टर ० ला "दिलंच नाही" असं समजतो आणि डिफॉल्ट ४ लावतो. म्हणजे तुम्हाला हवं होतं त्याच्या बरोबर उलटं होतं. बंदच करायचं असेल तर `0.1` सारखा अगदी छोटा आकडा द्या.

काय काढलं ते डोळ्यांनी बघा

ही स्टेप सगळे सोडतात आणि मला विचाराल तर हीच खरी. आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितला तर मेंदू फसतो, साफ केलेला नेहमी छानच वाटतो, कपड्याची वीण गेलीये हे लक्षातच येत नाही. त्यापेक्षा फिल्टरने जे काढून टाकलं तेवढंच बघा. मूळ फ्रेममधून साफ फ्रेम वजा करायची, जे उरेल ते करड्या रंगावर दाखवायचं आणि कॉन्ट्रास्ट वाढवायचा म्हणजे डोळ्याला दिसेल:

```
ffmpeg -ss 00:12:30 -t 20 -i show.mp4 -an -vf "split[a][b];[b]hqdn3d=1.5:3:6:8[c];[a][c]blend=all_mode=grainextract,eq=contrast=4:saturation=3" -c:v libx264 -crf 16 diff.mp4
```

`diff.mp4` उघडलं की एक करडा स्क्रीन दिसेल त्यावर दाणे नाचतायत. आदर्श म्हणजे फक्त दाणेच दिसायला हवेत, इतके की स्टेजवर काय चाललंय हे ओळखूच येऊ नये. प्रत्यक्षात थोडंफार ओळखू येतंच, विशेषतः उजेडातला भाग आणि अंधारातला भाग वेगळा कळतो कारण दाण्यांचं प्रमाण दोन्हीकडे वेगळं असतं, त्याने घाबरायचं नाही. बघायचं हे की रेषा दिसतायत का.

स्थिर वस्तूंच्या कडा दिसत असतील, म्हणजे बॅनरवरची अक्षरं वाचता येतायत, माइकच्या स्टँडची आउटलाइन दिसतेय, तर दोष पहिल्या आकड्याचा. जागेतलं मिसळणं जास्त झालंय, १.५ चं १ करा. हलणाऱ्या माणसाच्या मागे सावली ओढल्यासारखी दिसत असेल, किंवा हाताची आधीची जागा करड्यावर उमटत असेल, तर दोष तिसऱ्या आकड्याचा, ६ चं ४ करा. रंगीत धूसर ढग कपड्यांच्या किंवा ओठांच्या आकाराचे दिसत असतील तर रंगाचे आकडे जास्त झालेत, विशेषतः लाल-निळ्या एलईडी लाइटमधे हे लवकर होतं. एका वेळी एकच आकडा बदला, दोन बदलले तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

तिन्ही सॅम्पलवर हे करा. पहिल्या सॅम्पलवर तुम्ही आकडा ८-१० पर्यंत नेला तरी काही बिघडणार नाही आणि फाइल अजून लहान होत जाईल, मोह होतो, पण दुसरं सॅम्पल लगेच सांगेल की जाकिटाची बाही मागे राहून जातेय, हात पुढे गेला तरी पडद्यावर त्याचा पुसट ठसा क्षणभर तसाच आहे. आकडा ठरवायचा तो दुसऱ्या सॅम्पलवर आणि मान्य करायचं की पहिल्यात थोडे दाणे राहतील. ते राहिलेले बरे.

हिशोब करून बघू

समजा तुमचं बेसलाइन सॅम्पल ३१ एमबीचं आलं. दीड तास म्हणजे ५,४०० सेकंद, २० सेकंदांचे २७० तुकडे, म्हणजे असंच सगळं असेल तर साधारण ८.४ जीबी. डिनॉइज केलेलं तेच सॅम्पल १२ एमबीचं आलं तर पूर्ण फाइल साधारण ३.२ जीबी. हे आकडे फक्त हिशोब दाखवायला घेतलेत, तुमच्या फुटेजचे तुमचे येतील. पूर्ण फाइलचा अंदाज काढताना एकच सॅम्पल धरू नका, तिन्हींची सरासरी घ्या, कारण हालचालीच्या सॅम्पलमधे बचत कमी असते, तिथे बिट खरोखरच हालचालीवर लागतात.

साइझसोबत ती `skip:` ची टक्केवारी परत बघा. ती चांगली वर गेली असेल तर फाइल योग्य कारणाने लहान झालीये, म्हणजे पडदा आता कोडेकला खरंच स्थिर दिसतोय. साइझ कमी झाली पण स्किप फारसं हललं नसेल तर मला शंका येते, बहुतेक वेळा याचा अर्थ असा की जागेतल्या मिसळण्याने चित्र मऊ झालंय आणि त्यामुळे फाइल कमी झालीये, वेळेतला नॉइज अजून तिथेच आहे. मग पहिला आकडा खाली आणि तिसरा वर न्यायचा.

बरेच जण इथे पीएसएनआर किंवा व्हीमॅफ सारखे स्कोअर काढतात मूळ फाइलशी तुलना करून. ते इथे उपयोगाचं नाही, मूळ फाइलमधे नॉइज आहे आणि तुम्ही तो काढलाय, त्यामुळे स्कोअर खाली येणारच, फिल्टरने उत्तम काम केलं तरीही. वर सांगितलेला करडा व्हिडिओ आणि डोळे यावरच भरवसा ठेवा.

नॉइज गेला की पट्टे दिसतात, त्याची सोय

आता एक नवीन त्रास सुरू होतो. अंधारात भिंतीवर उजेड हळूहळू कमी होत जातो ना, ८-बिट व्हिडिओमधे त्या उताराला थोड्याच पायऱ्या मिळतात. नॉइज होता तोपर्यंत त्या पायऱ्या झाकल्या जात होत्या. नॉइज काढला की स्पॉटलाइटभोवती गोल गोल पट्टे स्वच्छ दिसतात. लोकांना वाटतं फिल्टरने बिघडवलं, पण पायऱ्या तिथेच होत्या.

उपाय १०-बिटचा, पण तो योग्य जागी करायला हवा. नुसतं आउटपुट १०-बिट केलं तर फायदा थोडाच, कारण फिल्टर ८-बिटमधे काम करून व्हॅल्यू आधीच पूर्णांकात बसवून मोकळा झालेला असतो. फिल्टर अनेक फ्रेम मिसळतो तेव्हा मधल्या व्हॅल्यू तयार होतात, ३० आणि ३१ च्या मधली ३०.४ वगैरे, आणि ह्या मधल्या व्हॅल्यूच तर पट्टे मोडणार आहेत. म्हणून आधी १०-बिट करा, मग फिल्टर लावा, मग १०-बिटमधेच एन्कोड करा. फायनल कमांड अशी होते:

```
ffmpeg -i show.mp4 -vf "format=yuv420p10le,hqdn3d=1.5:3:6:8" -c:v libx265 -preset slow -crf 22 -x265-params aq-mode=3 -tag:v hvc1 -c:a copy out.mp4
```

इथे एच.२६५ घेतलाय कारण १०-बिट एच.२६५ बहुतेक नव्या फोन आणि टीव्हीवर नीट चालतो, १०-बिट एच.२६४ मात्र बऱ्याच डिव्हाइसवर अडकतो. `aq-mode=3` अंधाऱ्या भागाला थोडे जास्त बिट देतो. ऐकायला उलटं वाटेल, आत्ता तर आपण अंधारातलेच बिट वाचवले, पण साफ झालेल्या सपाट अंधारात कोडेकला वाटतं इथे काहीच नाहीये आणि तो इतकं कापतो की चौकोन दिसायला लागतात. तेवढे बिट परत देणं परवडतं, नॉइजवर जात होते त्याच्या मानाने ते फार थोडे आहेत. `-tag:v hvc1` ॲपलच्या डिव्हाइसवर फाइल उघडावी म्हणून. आणि `-tune grain` चुकूनही लावू नका, ते दाणे जपायला बनवलंय.

एच.२६५ चं सीआरएफ २२ आणि एच.२६४ चं २० हे एकमेकांशी जुळवून बघायचे आकडे नाहीत, वेगळे एन्कोडर आहेत. त्यामुळे पूर्ण फाइल लावायच्या आधी तिन्ही सॅम्पल एकदा ह्या फायनल कमांडने (`-ss` आणि `-t` घालून) चालवा आणि साइझचा शेवटचा अंदाज त्यावरून घ्या.

फिल्टरचा क्रम

यावर जास्त लिहिण्यासारखं नाही पण चुकलं तर सगळं बिघडतं. फुटेज इंटरलेस्ड असेल तर आधी डिइंटरलेस, नाहीतर फिल्टर दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकांत मिसळतो. क्रॉप करायचं असेल तर ते पण आधी. मग डिनॉइज. मग ब्राइटनेस, कलर, शार्पनिंग. अंधार उजळवून मग डिनॉइज करायला गेलात तर नॉइज पण दोन तीन पट झालेला असतो, मग आकडे वाढवावे लागतात आणि आकडे वाढले की हालचाल मागे राहायला लागते. शार्पनिंगचं तर त्याहून वाईट. फोरकेचं 1080p करायचं असेल तर स्केल डिनॉइजच्या नंतर ठेवा, आणि त्या केसमधे आकडे अजून कमी चालतील कारण लहान करताना चार पिक्सेलचा एक होतो आणि त्यातच बराच नॉइज मरतो. कधीकधी तेवढ्यानेच भागतं.

कुठे हे चालत नाही

स्टेजवर लाइट भराभर बदलत असतील, स्ट्रोब असेल, तर प्रत्येक बदलाला सगळ्याच पिक्सेलचा फरक मोठा होतो, फिल्टर जुनं सगळं सोडून देतो आणि पुढच्या काही फ्रेम परत दाणेदार दिसतात. कट झाल्यावरही तेच होतं. हे चालवून घ्यायचं, अशा भागात बचत कमी मिळेल एवढंच. हळू होणारा फेड मात्र उलटा त्रास देतो, एका फ्रेमपासून दुसरीत फरक १-२ चाच असतो, तो नॉइजमधे गणला जातो आणि चित्र फेडच्या जरा मागे राहतं. फेड बरेच असतील तर तिसरा आकडा ४ च्या वर नेऊ नका.

हॉट पिक्सेल, म्हणजे एका जागी कायम चमकणारे लाल-पांढरे ठिपके, हे यातून जाणार नाहीत. ते प्रत्येक फ्रेममधे तिथेच असतात, फिल्टरला ते खरं डिटेलच वाटतं. फाइल फुगण्यात त्यांचा वाटा नसतोच.

फोनचं फुटेज वेगळं वागतं. फोन स्वतःच एकदा नॉइज कमी करतो आणि मग दाबून कॉम्प्रेस करतो, त्यामुळे तुमच्याकडे बारीक दाणे येत नाहीत, मोठे मोठे तरंगणारे डाग येतात, आणि ते पाच-दहा फ्रेम एकाच जागी टिकून मग उडी मारतात. सुट्या सुट्या दाण्यांसाठी बनवलेला फिल्टर त्यावर अर्धवटच काम करतो. इथे बचत कमी मिळेल हे धरून चाला.

आणि हातात धरून केलेलं शूट. कॅमेरा हलला की पडद्यावरचा एकच बिंदू प्रत्येक फ्रेममधे वेगळ्या पिक्सेलवर जातो, `hqdn3d` हालचाल मोजत नाही, तो त्याच पिक्सेलच्या जागी बघत राहतो, त्यामुळे वेळेतला आकडा एकतर काहीच करत नाही नाहीतर सगळं माखून टाकतो. तिथे तिसरा आकडा २-३ वर आणा आणि बाकी काम दुसऱ्या फिल्टरवर सोपवा. सगळ्यात सोपं म्हणजे `nlmeans`, तो फ्रेममधेच आसपास तसाच दिसणारा छोटा तुकडा शोधतो आणि त्यांची सरासरी घेतो, त्यामुळे कडा बऱ्यापैकी वाचतात:

```
-vf "nlmeans=s=2:p=7:r=9"
```

`s` म्हणजे ताकद, १ ते ३ च्या मधे बहुतेक काम होतं. `r` म्हणजे किती दूरपर्यंत शोधायचं, डिफॉल्ट १५ आहे, ९ केलं की वेळ बराच वाचतो. तरी हा फिल्टर खूप हळू आहे, दीड तासाची फाइल रात्रभर लावून ठेवायची तयारी ठेवा. कमांड लिहायची नसेल तर हँडब्रेकमधे फिल्टर्सच्या टॅबमधे `NLMeans` आहे, त्यात `Ultralight` पासून सुरुवात करा, फार तर `Light`, आणि तिथे प्रीव्ह्यूमधे दुसऱ्या नंबरचं सॅम्पल बघून घ्या. हालचाल मोजून त्या दिशेने फ्रेम मिसळणारे फिल्टर पाहिजे असतील तर व्हेपरसिंथमधे एमव्हीटूल्स आहे, हातातल्या शूटला रिझल्ट सगळ्यात चांगला त्याचाच मिळतो पण सेटअप करायला आणि शिकायला वेळ द्यावा लागतो.

एव्ही१ मधे एन्कोड करणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट आहे. एसव्हीटी-एव्ही१ मधे `film-grain=8:film-grain-denoise=1` असं काही दिलं तर एन्कोडर दाण्यांचं स्वरूप मोजतो, फाइलमधे दाण्यांऐवजी फक्त त्यांचं वर्णन ठेवतो आणि बघताना प्लेयर तसेच दाणे परत टाकतो. नाटक वगैरेसारख्या गोष्टीत लोकांना थोडे दाणे आवडतात, तिथे हे छान. फक्त दोन्ही वाटा एकदम धरू नका. आधीच `hqdn3d` ने साफ केलेलं फुटेज दिलं तर त्याच्याकडे मोजायला दाणेच उरत नाहीत.

फायनल फाइल तयार झाली की त्या तीन जागा परत उघडा, मोठ्या स्क्रीनवर, खोलीत अंधार करून, कारण पट्टे आणि मागे राहिलेल्या सावल्या उजेडात लॅपटॉपवर दिसतच नाहीत. आवाज आणि ओठ जुळतायत का ते शेवटच्या दहा मिनिटांत बघा. आणि मूळ फाइल महत्त्वाची असेल तर ती कुठेतरी ठेवूनच द्या, लहान फाइल बघायला आणि पाठवायला. काढलेला नॉइज परत टाकता येतो, त्याच्यासोबत गेलेलं डिटेल येत नाही, आणि हे फिल्टर दर काही वर्षांनी सुधारत असतात, पुढे चांगला फिल्टर आला तर लावायला मूळ फाइल हातात पाहिजे.